बेरजेत बुडालेला प्रकल्प

केंद्र सरकारच्या पायाभूत प्रकल्पांविषयी दर महिन्याला एक बातमी येते आणि तिचा साचा सहसा बदलत नाही. डिसेंबर २०२३च्या अहवालावर आधारित बातमी अशी होती : दीडशे कोटी रुपये किंवा त्याहून अधिक खर्चाच्या १,८२० प्रकल्पांपैकी ४३१ प्रकल्पांचा खर्च वाढला, ८४८ प्रकल्प रखडले, या सर्व प्रकल्पांचा मूळ खर्च २५.८७ लाख कोटी रुपये होता, तो आता ३०.७० लाख कोटींवर जाईल, म्हणजे एकूण वाढ १८.६५ टक्के. गेली कित्येक वर्षे मी हे अहवाल नियमाने वाचत आलो आहे. प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच प्रश्न उरतो : १८.६५ टक्के हा आकडा वाचून मंत्र्याने, सचिवाने किंवा संसद सदस्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके काय करावे? कोणाला दूरध्वनी करावा? त्या आकड्यात याचे उत्तर नाही. माझ्या मते, शेकडो प्रकल्पांची स्थिती एका पानावर मांडण्याची आपली सरकारी पद्धत ज्या हेतूने जन्माला आली त्याच हेतूला पारखी झाली आहे. आणि हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे.

हे अहवाल सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय प्रसिद्ध करते. त्यामागची व्यवस्था साधी आहे. रेल्वे, रस्ते, पेट्रोलियम, कोळसा, ऊर्जा अशा मंत्रालयांच्या यंत्रणा आपापल्या प्रकल्पांची माहिती एका संगणकीय प्रणालीत भरतात. ती प्रणाली अनेक वर्षे ‘ओसीएमएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जात होती आणि २०२५ साली तिची जागा ‘पैमाना’ या नव्या पोर्टलने घेतली. प्रत्येक प्रकल्पाचा मूळ मंजूर खर्च, आजचा अपेक्षित खर्च, आजवर झालेला खर्च, पूर्णत्वाची मूळ तारीख आणि आजची अपेक्षित तारीख एवढी माहिती मिळाली की बेरजा होतात. अहवालाच्या मागच्या तक्त्यांत प्रकल्पवार ओळी असतात, हे नमूद केले पाहिजे. कोणतीही गोष्ट दडवून ठेवली जाते असा माझा आरोप नाही. पण शेकडो ओळींच्या तक्त्यात असणे आणि डोळ्यांसमोर असणे यांत फरक आहे. वर बसलेला माणूस पहिले पान वाचतो आणि पहिल्या पानावर बेरीज असते. शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो. पण भातातला खडा शितावरून कळत नाही.

ही बेरीज खडा कसा गिळते ते पाहू. १८.६५ टक्के ही पैशाने भारित सरासरी आहे. सर्व प्रकल्पांचे मूळ खर्च एकत्र केले, सर्वांचे अपेक्षित खर्च एकत्र केले आणि फरकाची टक्केवारी काढली. अशा गणितात ज्याची रक्कम मोठी त्याचा आवाज मोठा. दीडशे कोटींचा एखादा प्रकल्प दुप्पट महाग झाला, तर २५.८७ लाख कोटींच्या ढिगात त्याने पडणारा फरक दुसऱ्या दशांश स्थळावर जेमतेम एक अंक हलवतो. ज्या जिल्ह्यासाठी तो प्रकल्प आहे त्याच्यासाठी ती संपूर्ण फसगत असेल. राष्ट्रीय आकड्यात मात्र ती वाऱ्याची झुळूकही नाही. मोठ्या प्रकल्पाचीही गत फारशी वेगळी नाही. उधमपूर–श्रीनगर–बारामुल्ला रेल्वेमार्गाला १९९४-९५मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज २,५०० कोटी रुपयांचा होता. जून २०२५मध्ये तो मार्ग देशाला अर्पण झाला तेव्हा खर्च सुमारे ४३,७८० कोटींवर गेला होता. साडेसतरा पट. ही सगळी वाढ डिसेंबर २०२३च्या बेरजेत टाकून पाहिली, तरी एकूण टक्केवारी १.६ने बदलते. तीन दशके चाललेला, साडेसतरा पट महागलेला प्रकल्प देशाच्या आकड्यात एवढाच उमटतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की साडेसतरा पट म्हणजे साडेसतरा पट अपयश नव्हे. त्यात तीस वर्षांची महागाई आहे, हिमालयाच्या ठिसूळ खडकातून काढलेले बोगदे आहेत, आखणीवरून झालेले वाद आहेत, सुरक्षेची परिस्थिती आहे. पण हे भेद करण्यासाठीच त्या प्रकल्पाचे नाव वेगळे घेऊन त्याच्याकडे पाहावे लागते. सरासरी त्याला निर्दोषही ठरवत नाही आणि दोषीही ठरवत नाही. ती त्याला फक्त नाहीसे करते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. यादीत दर महिन्याला काही प्रकल्प पूर्ण होऊन बाहेर पडतात आणि काही नवे आत येतात. नव्या प्रकल्पाचा अपेक्षित खर्च त्याच्या मूळ खर्चाइतकाच असतो, कारण तो नुकताच मंजूर झालेला असतो. समजा, वरच्या यादीत दोन लाख कोटी रुपयांचे नवे प्रकल्प आले आणि बाकी काहीच बदलले नाही. खर्चवाढीची रक्कम तीच राहिली, पण भागाकाराचा पाया मोठा झाला, टक्केवारी १८.६५वरून १७.३१वर आली. म्हणजे एकाही रखडलेल्या प्रकल्पाची वीट हलली नाही, तरी ‘खर्चवाढ आटोक्यात’ असा मथळा देता येईल. ज्या काळात सरकार पायाभूत सुविधांवरील तरतूद वाढवत असते, त्या काळात ही सरासरी आपोआप गोंडस होत जाते. तिच्यातल्या सुधारणेला सुधारणा म्हणण्याआधी यादी तीच आहे ना, हे तपासावे लागते; आणि बातमीत ते तपासलेले क्वचितच दिसते.

आता विलंबाकडे वळू. त्याच अहवालात आणखी दोन आकडे आहेत आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण अहवालात तेच सर्वांत बोलके आहेत. पहिला असा : मूळ वेळापत्रकाऐवजी सर्वांत अलीकडच्या वेळापत्रकाशी तुलना केली तर रखडलेल्या प्रकल्पांची संख्या ८४८वरून ६३८वर येते. मधले २१० प्रकल्प वेगाने पुढे सरकले म्हणून हा फरक पडलेला नाही. त्यांची अंतिम तारीख पुढे सरकवली गेली म्हणून पडला आहे. तारीख सुधारणे गैर नाही. भूसंपादन अडले, आराखडा बदलला, तर नवे वास्तववादी वेळापत्रक हवेच. नाहीतर कंत्राटदाराशी बोलणेही अवघड होते. गैर आहे ते नवी तारीख लिहिताना जुनी पुसून टाकणे. मंत्रालयाने दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी दिल्या, हे त्याचे श्रेय. परंतु मंत्रालयांच्या अंतर्गत आढाव्यांत, राज्यांच्या सादरीकरणांत आणि महामंडळांच्या फलकांवर बहुतेक वेळा दुसरीच मोजणी राहते, आणि चार वर्षे मागे पडलेला प्रकल्प सुधारित तारखेच्या जोरावर ‘नियोजनानुसार’ या रकान्यात सुखाने नांदतो.

दुसरा आकडा २९८चा आहे. एवढ्या प्रकल्पांनी कार्यान्वित होण्याचे वर्षही कळवले नव्हते आणि पूर्ण व्हायला साधारण किती काळ लागेल हेही कळवले नव्हते. विलंब म्हणजे दोन तारखांमधले अंतर. तारीखच नसेल तर प्रकल्प उशिरा ठरूच शकत नाही. त्यामुळे हे २९८ प्रकल्प रखडलेल्यांच्या गणतीत येत नाहीत, पण छेदस्थानी असलेल्या १,८२०मध्ये मात्र बसतात. ८४८ला १,८२०ने भागले तर ‘४७ टक्के प्रकल्प रखडले’ असे वाक्य तयार होते. ज्यांच्याविषयी काही सांगता येते अशा १,५२२ प्रकल्पांनी भागले तर तोच आकडा ५६ टक्के होतो. मौनाचा असा फायदा मिळत असेल, तर माहिती न भरणे हा अडचणीतल्या प्रकल्पासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. कोणी कट करून हे घडवले असे नाही. मोजणीची रीतच तसे शिकवते.

तिसरी फसगत कामाच्या टक्केवारीची. इथे आकडे खरे असतात, तारखाही असतात, तरी निष्कर्ष चुकतो. याचे उत्तम उदाहरण पुन्हा काश्मीरच्या रेल्वेमार्गाचे. एकूण लांबी २७२ किलोमीटर. त्यातला काझीगुंड ते बारामुल्ला हा खोऱ्यातला ११८ किलोमीटरचा भाग २००९पर्यंत सुरू झाला. बनिहाल ते काझीगुंड हा पीर पंजालच्या बोगद्यातून जाणारा १८ किलोमीटरचा भाग २०१३मध्ये आणि उधमपूर ते कटरा हा २५ किलोमीटरचा भाग २०१४मध्ये. बेरीज १६१ किलोमीटर, म्हणजे ५९ टक्के मार्ग पूर्ण. जो मार्ग काश्मीर खोरे देशाच्या रेल्वेजाळ्याला जोडण्यासाठी होता, त्याचा हा हेतू त्या दिवशी किती टक्के साध्य झाला होता? शून्य. दोन्ही टोकांना गाड्या धावत होत्या आणि मध्ये कटरा ते बनिहाल हे १११ किलोमीटरचे अंतर होते. सगळी अवघड कामे त्या अंतरात होती.

पुढे जवळजवळ दहा वर्षे हा ५९चा आकडा हलला नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये बनिहाल ते संगलदान हा ४८ किलोमीटरचा भाग खुला झाला आणि लांबीच्या हिशेबाने ७७ टक्के झाले. उरलेल्या ६३ किलोमीटरमध्ये नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा चिनाब पूल होता, अंजी नदीवरचा तारांच्या आधाराचा पूल होता आणि कटऱ्याजवळ त्रिकुटा डोंगराच्या पायथ्याचा, पाण्याने आणि भुसभुशीत खडकाने छळणारा बोगदा होता. कटरा ते रियासी हा अवघा १७ किलोमीटरचा तुकडा शेवटी पुरा झाला. तो धरला नाही तर मार्ग ९४ टक्के तयार आणि हेतू अजूनही शून्य. साखळीचे शंभर दुवे मोजून नव्याण्णव मजबूत आहेत असे सांगणारा माणूस खोटे बोलत नाही. पण विहिरीत बादली सोडणाऱ्याला त्या माहितीचा काही उपयोग नाही.

असाच प्रश्न महाराष्ट्राच्या दारात उभा राहिलेला आपण पाहिला. समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्ग हे मुळात दोन प्रकल्प : लुधियाना ते सोननगर हा पूर्वेकडचा १,३३७ किलोमीटरचा आणि दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा पश्चिमेकडचा १,५०६ किलोमीटरचा. २०२५मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरांत २,८४३पैकी २,७४१ किलोमीटर, म्हणजे ९६.४ टक्के मार्ग कार्यान्वित असल्याचे सांगितले गेले. हा आकडा अचूक होता आणि कामगिरी म्हणून मोठाही होता. पण त्याने दोन मार्गांची बेरीज करून एका मार्गाची अडचण दुसऱ्याच्या यशात मिसळली. पूर्वेचा मार्ग पूर्ण होता. जे १०२ किलोमीटर उरले होते ते सगळे पश्चिमेचे होते आणि तेही वैतरणा ते बंदर या शेवटच्या टप्प्यातले. पश्चिम मार्गाचे प्रयोजनच मुळी बंदरातला माल, एकावर एक दोन थरांत रचलेले कंटेनर, थेट उत्तरेकडे नेणे हे. तो टप्पा होत नाही तोवर बंदराच्या मालाला मुंबई परिसरातल्या जुन्या, गर्दीच्या मार्गांचा आधार घ्यावा लागतो. ‘९६.४ टक्के’ आणि ‘बंदर अद्याप जोडलेले नाही’ ही दोन्ही वाक्ये एकाच वस्तुस्थितीची आहेत. धोरणकर्त्याला दुसरे वाक्य आधी दिसायला हवे. आपण त्याला पहिले दाखवतो.

हे असे का होते, याचे कारण माणसांच्या अप्रामाणिकपणात शोधणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. माहिती खालून वर चढते आणि प्रत्येक पायरीवर थोडी गुळगुळीत होते. कामावरच्या अभियंत्याला ठाऊक असते की अमुक गावच्या चार हेक्टर जमिनीचा ताबा मिळालेला नाही आणि तो मिळेपर्यंत पुलाचे दोन खांब उभे राहणार नाहीत. त्याच्या वरिष्ठाच्या अहवालात ते ‘भूसंपादन प्रगतिपथावर’ असे होते. मंत्रालयाच्या तक्त्यात ‘भूसंपादनातील विलंब’ असे होते. आणि राष्ट्रीय अहवालात भूसंपादन, वनविषयक व पर्यावरणीय परवानग्या, वित्तपुरवठा, आराखड्यातील बदल, निविदांना लागलेला वेळ अशी कारणांची यादी येते, जी महिनोन्‌महिने जवळपास त्याच शब्दांत छापली जाते. म्हणजे केवळ आकड्यांचीच नव्हे, कारणांचीही बेरीज होते. चार हेक्टरांचा प्रश्न एका जिल्हाधिकाऱ्याच्या पातळीवर सुटला असता. ‘भूसंपादन’ हा प्रश्न कोणाच्याच पातळीवर सुटत नाही.

शिवाय धोक्याचा झेंडा दाखवणाऱ्याला बक्षीस मिळत नाही. त्याला बैठकीला बोलावले जाते, खुलासा मागितला जातो, आणि पुष्कळदा ज्या परवानगीसाठी तो अडला आहे ती देणे दुसऱ्याच खात्याच्या हाती असते. अशा वेळी ‘अडचण आहे, पण मार्च अखेरीस सुटेल’ असे लिहिणे हा शहाणपणाचा मार्ग वाटतो.

यावर एक उतारा सुचवला जातो : सरासरी बंद करा आणि नियम करा की गटातला एक प्रकल्प लाल तर गट लाल. ऐकायला हा नियम कडक वाटतो. पण १,८२० प्रकल्पांत ८४८ रखडलेले असताना या नियमाने प्रत्येक मोठे मंत्रालय दर महिन्याला लाल दिसेल. जे नेहमीच लाल असते त्याकडे कोणी पाहत नाही. सरासरीने एक प्रकल्प झाकला जातो, तर या नियमाने तो साडेआठशेंच्या गर्दीत हरवतो, परिणाम एकच. म्हणून प्रश्न सौम्य की कडक असा नाही. वरच्या माणसाचे लक्ष मर्यादित आहे. ते कोणत्या दहा-पंधरा नावांवर पडावे, हे कोणत्या नियमाने ठरवायचे, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते त्यासाठी चार नियम पुरेसे आहेत, आणि त्यांना नवी माहिती गोळा करावी लागत नाही.

पहिला नियम : पहिल्या पानावर सरासरीऐवजी गट मांडावेत. डिसेंबर २०२३च्याच अहवालात ८४८ रखडलेल्या प्रकल्पांची फोड दिली आहे : एक वर्षापर्यंत विलंब झालेले २०२, एक ते दोन वर्षे २००, दोन ते पाच वर्षे ३२३ आणि पाच वर्षांहून अधिक १२३. त्यांचा सरासरी विलंब ३६.५९ महिने. ही फोड आणि ही सरासरी एकमेकांशेजारी ठेवून पाहा. सरासरी सांगते की प्रकल्प साधारण तीन वर्षे मागे आहेत. फोड सांगते की दोनशे प्रकल्पांना एखादी बैठक पुरेल, आणि १२३ प्रकल्पांविषयी ते पुढे न्यायचे की त्यांचे स्वरूप बदलायचे, हाच निर्णय घ्यावा लागेल. कृती फोडीतून सुचते.

दुसरा नियम : प्रत्येक प्रकल्पाच्या तीन तारखा कायम राहाव्यात. मूळ, शेवटची मंजूर आणि आजची अपेक्षित. एकही पुसली जाऊ नये. आणि त्यांच्याबरोबर एक चौथा आकडा असावा : मागच्या आढाव्यापासून अपेक्षित तारीख किती सरकली? माझ्या अनुभवात आजारी प्रकल्प ओळखण्याची याहून चांगली खूण नाही. एखादा प्रकल्प सहा वर्षे मागे असेल, पण त्याची अपेक्षित तारीख गेले वर्षभर जागची हललेली नसेल, तर तो उशिरा का होईना, ताब्यात आहे. दुसरा केवळ पाच महिने मागे असेल, पण दर महिन्याला त्याची तारीख एकेक महिन्याने पुढे जात असेल, तर तिथे काळ थांबला आहे. काम संपण्याचे अंतर कमी होतच नाही. आजच्या तक्त्यात पहिला गडद लाल आणि दुसरा जवळजवळ हिरवा दिसतो. लक्ष मात्र दुसऱ्याकडे जायला हवे, कारण तो अजून वाचवता येतो.

तिसरा नियम : न भरलेली माहिती ही वाईट माहिती समजावी. ज्या प्रकल्पाची तारीख नाही तो रखडलेल्यांच्या वरच्या ओळीत जावा आणि टक्केवारीच्या छेदातून बाहेर निघावा. २९८ हा आकडा तळटीपेतून पहिल्या ओळीत आला तर तो फार दिवस २९८ राहणार नाही, एवढी खात्री मी देऊ शकतो.

चौथा नियम : जे प्रकल्प जोडणीसाठी आहेत, मग ते रेल्वेमार्ग असोत, वाहिन्या असोत की धरणापासून शेतापर्यंत जाणारे कालवे, त्यांची प्रगती लांबीच्या टक्केवारीने न सांगता शेवटच्या दुव्याच्या स्थितीने सांगावी. ‘९४ टक्के पूर्ण’ याऐवजी ‘श्रीनगर जोडलेले नाही, कटरा–रियासी बोगदा बाकी’. मुख्य धरण बांधून झाले आणि कालव्याचे शेवटचे चार किलोमीटर राहिले, हे वाक्य कोणत्याही टक्केवारीहून शेतकऱ्याला आणि सचिवाला अधिक कळते.

या चार नियमांची चाळणी लावली की नावे आपोआप वर येतात : पाच वर्षांहून मागे असलेले आणि गेल्या तिमाहीत पुन्हा सरकलेले, सलग तीन आढाव्यांत सरकलेले, मग मूळ विलंब कितीही असो, तारीख न कळवलेले, आणि ज्यांचा एक दुवा बाकी असल्याने उरलेले सगळे निरुपयोगी आहे असे. ही नावे नियमाने यावीत, कोणाच्या पसंतीने नव्हे, हे महत्त्वाचे. पसंतीने नाव आले की ते दोषारोप ठरते, मग ते येऊ नये म्हणून वजन वापरले जाते. नियमाने आले की तो केवळ प्रश्न असतो. आणि नावासमोर कारणांची ठरावीक यादी नसावी. कोणते गाव, कोणती परवानगी, कोणाच्या मेजावर आणि किती दिवसांपासून, एवढेच असावे.

यावर कोणी म्हणेल की हे काम आधीच चालू आहे. २०१५पासून पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली चालणाऱ्या ‘प्रगती’ बैठकांत निवडक प्रकल्पांचा नावानिशी आढावा होतो, केंद्रीय सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव समोरासमोर येतात. २०१३मध्ये स्थापन झालेला प्रकल्प देखरेख गट परवानग्यांतील अडथळे एकेक करून हाताळतो. दोन्हींची उपयुक्तता मी मान्य करतो, आणि त्यांना यश मिळाले ते नेमके याचमुळे की तिथे बेरजेवर नव्हे, प्रकल्पावर चर्चा होते. पण देशाच्या सर्वोच्च बैठकीत एका वेळी मोजकेच प्रकल्प येऊ शकतात. उरलेल्या शेकडो प्रकल्पांसाठी मासिक अहवालाचे पहिले पान हीच ‘प्रगती’ आहे. ते पान मुके असेल तर त्या प्रकल्पांना कोणी वाली नाही.

एक धोका मात्र कबूल केला पाहिजे. तारीख सरकली की नाव येते असा नियम केला, तर यंत्रणा पहिल्याच दिवशी ऐसपैस तारखा मागतील. हे होईल. त्यावर उपाय म्हणजे मूळ तारीख आणि खर्च मंजुरीच्या टिपणातूनच उचलणे, प्रकल्पाला ते नंतर निवडू न देणे. शिवाय ऐसपैस तारीख मंजुरीच्या टप्प्यावर महाग पडते, कारण प्रकल्पाचा परतावा तिच्यावर अवलंबून असतो. वित्त विभाग तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहतो. प्रामाणिक लांब तारीख आणि खोटी जवळची तारीख यांतून निवड करायची तर पहिली कधीही बरी.

‘पैमाना’ पोर्टल अजून नवे आहे आणि मंत्रालयांच्या प्रणालींतून माहिती थेट घेण्याची सोय त्यात आहे. माहिती आपोआप येऊ लागली की बेरजा अधिक जलद आणि अधिक देखण्या होतील. त्यामुळेच पहिल्या पानावर काय असावे याचा निर्णय आता घ्यायला हवा, रंगीत आलेखांची सवय जडण्यापूर्वी. माझी मागणी साधी आहे. एकूण खर्चवाढीची टक्केवारी राहू द्या, अर्थतज्ज्ञांना ती लागते. पण ती दुसऱ्या पानावर न्या. पहिल्या पानावर विलंबाचे गट, तारीख नसलेल्यांची संख्या आणि त्याखाली नियमाने वर आलेल्या प्रकल्पांची नावे, प्रत्येकासमोर अडथळ्याचे एक वाक्य. संसदेच्या स्थायी समित्यांनी आपापल्या मंत्रालयाचे ते एकच पान मागवले आणि पुढच्या बैठकीत त्यातले प्रत्येक नाव यादीतून का गेले किंवा का गेले नाही एवढेच विचारले, तर १८.६५चा आकडा कुठे जातो याची वेगळी चिंता करावी लागणार नाही.